एकट्या माणसाचं रात्रीचं जेवण: बायको गेल्यावर, मुलं परदेशी असताना संध्याकाळ कशी लावून घ्यायची

घरात माणूस गेलं की तेरा दिवस डब्यांची रीघ असते, कोण पिठलं-भात आणतंय, कोण वरण-भात, फ्रीजमध्ये जागा उरत नाही. मग तेरावा होतो, मुलांच्या रजा संपतात, मुलगा न्यू जर्सीला, मुलगी मँचेस्टरला परत जाते आणि डबे बंद होतात. सकाळी काही वाटत नाही कारण सकाळी दूधवाला आहे, पेपर आहे, फिरायला जाणं आहे, भांडीवाल्या ताई आहेत, बँकेचं एखादं काम असतं. खरा प्रश्न साधारण साडेसहाला सुरू होतो, म्हणजे ज्या वेळेला इतकी वर्षं स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी यायची त्या वेळेला.

हे मी माझ्या मोठ्या मामांच्या घरी जवळून पाहिलंय. कोथरूडला दोन बेडरूमचा फ्लॅट, वय ७४, शुगर आहे, पेन्शन आहे, पैशाची अडचण काही नाही, आणि तरी माणूस रात्री चहा-बिस्किटावर झोपत होता. त्यांच्याबरोबर जे जे करून बघितलं आणि जे टिकलं ते इथे क्रमाने लिहितोय. तुम्ही स्वतः एकटे असाल तर थेट तुमच्यासाठी आहे, तुमचे वडील किंवा काका असे राहत असतील तर त्यांना वाचून दाखवा (पाठवून देऊ नका, फॉरवर्ड कोणी वाचत नाही).

माझं म्हणणं एवढंच आहे की "एकटेपणा घालवायचा" असं मोठं काम हातात घ्यायचं नाही, फक्त रात्रीचं जेवण हातात घ्यायचं. ते नीट बसलं की त्याच्या आधीचा एक तास आणि नंतरचा एक तास आपोआप भरतो, आणि तेवढीच संध्याकाळ असते.

आधी कॅलेंडरवर लिहायला लागा

स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतंच, त्यातल्या ज्या चौकटीत दुधाचा हिशेब लिहायचो त्याच चौकटीत रोज रात्री दोन गोष्टी लिहायच्या: काय खाल्लं आणि कोणाबरोबर. "दूध-पोळी, एकटा." "बिस्किटं, टीव्ही." बस एवढंच, सुधारणा काही करायची नाही, आठवडाभर फक्त लिहायचं. मामांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते "जेवतो की रे रोज", आणि ते खोटं बोलत नव्हते, त्यांना खरंच तसं वाटत होतं. आठवड्याने चौकटी बघितल्या तेव्हा कळलं की त्यातल्या बहुतेक रात्री ताट घेतलेलंच नाही, काहीतरी हातात घेऊन खाल्लंय.

त्याचबरोबर महिन्याच्या एक तारखेला वजन करायचं, सकाळी, चहाच्या आधी, आणि तेही तिथेच लिहायचं. उतारवयात वजन काही न करता सहा महिने ते वर्षभरात पाच टक्क्यांपेक्षा जास्त उतरलं तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. ६६ किलोच्या माणसाला हे म्हणजे सव्वातीन किलो. पट्ट्याचं भोक एक आत गेलं, अंगठी सैल झाली, तर वजनकाट्याची वाट बघायची पण गरज नाही. आणि दरवेळी कारण दुःखच असतं असं नाही हं, बऱ्याचदा कवळी सैल झालेली असते, चावताना दुखतं म्हणून पोळी सुटते आणि माणूस सांगतो "भूक नाही". दातांच्या डॉक्टरांकडे एक चक्कर आधी मारून घ्या.

शुगरवाल्यांनी हे आधी वाचा

शुगरच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ ग्लिमेपिराइड, आणि इन्सुलिन, ही औषधं पोटात अन्न जाणार आहे हे धरून दिलेली असतात. गोळी घेतली आणि जेवण टाळलं तर साखर खाली घसरते, दरदरून घाम, हात थरथरणं, छाती धडधडणं, बोलण्यात गोंधळ. दोघं असताना हे समोरच्याला दिसतं, एकट्याला कोणी सांगणारं नसतं. तेव्हा आज जेवण जाणार नाही असं वाटलं तर काय करायचं हे डॉक्टरांना आधीच विचारून एका कागदावर लिहून फ्रीजवर लावा, आणि साखरेचा डबा किंवा ग्लुकोज हाताशी, झोपायच्या खोलीतसुद्धा. तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, पंधरा मिनिटांनी रक्तातली साखर परत मोजायची, मग नीट काहीतरी खायचं, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या कानावर घालायचं.

स्वयंपाकघर आपल्या हाताला लावून घ्या

हे काम लोक करत नाहीत कारण मन होत नाही, तिने लावलेलं असतं ना सगळं. पण ते तिच्या उंचीने आणि तिच्या आठवणीने लावलेलं असतं, स्टीलचे एकसारखे वीस डबे, एकावरही नाव नाही, तिला बोटाने कळायचं कशात काय आहे. आपण तांदळाच्या पिठाला बेसन समजतो. म्हणून एका दुपारी, एकट्याने नाही, कोणालातरी मदतीला घेऊन, सगळे डबे उघडायचे, जुनं-जाळी लागलेलं टाकायचं, आणि रोज लागणाऱ्या दहा-बारा वस्तू गॅसजवळच्या एकाच फळीवर, डोळ्याच्या उंचीला आणायच्या. डब्यावर पट्टी चिकटवून मोठ्या अक्षरात नाव. बाकीचं तसंच राहू दे, सगळं आवरायला जाऊ नका, त्यात साड्यांच्या कपाटापर्यंत पोचाल आणि ती वेगळी दुपार आहे.

पाच लिटरचा कुकर माळ्यावर टाका आणि दीड किंवा दोन लिटरचा घ्या. एका माणसाचा भात मोठ्या कुकरात नीट होत नाही, गॅस फार जातो आणि मग माणूस म्हणतो "एकट्यासाठी कुठे एवढं". एक छोटी कढई, एक कढलं फोडणीसाठी, एक झाकणाचं पातेलं. ऐकू कमी येत असेल तर शिट्ट्या मोजण्यात चूक होते, तिथे टायमरवर आपोआप बंद होणारी इंडक्शन शेगडी बरी, फक्त भांडी त्यावर चालणारी हवीत, चुंबक बुडाला चिकटतं का ते बघून घ्या. आणि एक नियम करा, फोन वाजला की आधी गॅस बंद, मग फोन.

तीनच पदार्थ शिका, पण पक्के

कामाला बाई लावाच, सकाळी पोळ्या-भाजी करून जाणाऱ्या बाई असतील तर उत्तमच. पण रात्रीचा एक गरम पदार्थ स्वतः करायचा, याबद्दल मी आग्रही आहे. सहा वाजता डबा येऊन टेबलावर पडला की साडेसहाची वेळ परत रिकामीच राहते आणि डबा नऊला गार खाल्ला जातो किंवा तसाच राहतो. करायला लागलं की वास येतो, आणि वासाने भूक लागते, हे अगदी साधं आहे.

पहिली मुगाची खिचडी. आमटीची वाटी घ्या, साधारण दीडशे मिलिलिटरची. पाव वाटी तांदूळ, पाव वाटी मुगाची डाळ, दोन्ही धुऊन अर्धा तास भिजत. कढल्यात दोन चमचे तेल किंवा तूप, मोहरी तडतडली की जिरं, हिंग, हळद आणि ताबडतोब गॅस बारीक, कारण एवढीशी फोडणी दहा सेकंदांत करपते, चार माणसांच्या फोडणीसारखा वेळ तिला मिळत नाही. ही फोडणी, डाळ-तांदूळ, मूठभर चिरलेला दुधी किंवा गाजर, मीठ आणि सव्वादोन वाटी पाणी असं एका छोट्या भांड्यात, ते भांडं कुकरात, कुकरच्या तळाला वेगळं पेलाभर पाणी. चार शिट्ट्या, मग प्रेशर आपोआप उतरू द्यायचं. थेट कुकरात शिजवायला गेलं तर एवढं थोडं खाली लागतं, म्हणून भांड्यात. पातळ झाली तर झाकण काढून दोन मिनिटं आटवा, घट्ट झाली तर गरम पाणी घाला, गार नको. वरून चमचाभर तूप, बरोबर भाजलेला पापड आणि वाटीभर दही.

दुसरं पिठलं, पावसाळ्यात भाजी आणायला बाहेर पडता येत नाही तेव्हाचं. पाव वाटी बेसन आधी वाटीभर गार पाण्यात हाताने मोडून घ्यायचं, गुठळ्या इथेच जातात, नंतर कितीही घोटलं तरी जात नाहीत. लसूण-मिरचीच्या फोडणीत ओतायचं, हलवत राहायचं, झाकण ठेवून सात-आठ मिनिटं मंद आचेवर. कच्च्या बेसनाचा वास गेला की झालं.

तिसरी मटकी किंवा मुगाची उसळ, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते कारण ती आदल्या रात्री सुरू होते. जेवण झाल्यावर, भांडी विसळताना, अर्धी वाटी मटकी भिजत टाकायची. सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधून ठेवायची. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत मोड दिसतात, पुण्याच्या थंडीत एक दिवस जास्त धरा. म्हणजे काय होतं, आज रात्री झोपताना उद्या रात्रीच्या जेवणाची सुरुवात होऊन गेलेली असते, आणि उद्या संध्याकाळी कंटाळा आला तरी मोड आलेली मटकी फडक्यातून बघत असते तुमच्याकडे. अर्धी वाटी भिजवलेली दोन वेळांना पुरते, अर्धी मोड आलेली फ्रीजमध्ये ठेवता येते.

डाळ-कडधान्य-दही-अंडं यावर मी एवढा भर देतोय त्याला कारण आहे. एकटा माणूस खायचं सोडत नाही, तो चहा-खारी, दूध-पोळी, भात-लोणचं यावर येतो, पोट भरतं आणि प्रोटीन गळतं. आपल्याकडच्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोला साधारण ०.८३ ग्रॅम प्रोटीन हवं, म्हाताऱ्यांना एक ग्रॅम किंवा जरा जास्त द्यावं असं बरेच तज्ज्ञ म्हणतात. म्हणजे मामांसारख्या ६६ किलोच्या माणसाला दिवसाला ५५ ते ६६ ग्रॅम. एक अंडं साधारण सहा ग्रॅम, पाव वाटी कच्ची डाळ सहा-सात, पेलाभर दूध सहा-सात, मूठभर शेंगदाणे सात. चहा-बिस्किटाच्या रात्रीत जेमतेम तीन-चार ग्रॅम जातात. मग खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागायला लागतो, आणि लोक म्हणतात वय झालं. किडनीचा त्रास असेल तर मात्र हे आकडे लागू नाहीत, डॉक्टर सांगतील तेवढंच.

शिळ्याबद्दल दोन शब्द. भात उरला तर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, दुसऱ्या दिवशी एकदाच वाफाळेपर्यंत गरम. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात फोडणी देऊन खायची आपली जुनी सवय आहे, पण त्यात जे विष तयार होतं ते फोडणीने जात नाही. आणि रात्री दोनला उलट्या-जुलाब झाले तर एकट्या माणसाचं अवघड होतं.

बोलवायला शिका

पुरुषांचं इथे घोडं अडतं. चाळीस वर्षं घरातली सगळी नाती तिच्या मार्फत चाललेली असतात, कोणाचा वाढदिवस, कोणाकडे बारसं, तिळगूळ कोणाकडे द्यायचा, शेजारणीला लोणच्याची बरणी. ती गेली की फोनच येईनासे होतात, लोक वाईट नसतात, त्यांची ओळखच तिच्याशी होती. तेव्हा तिची ती जुनी फोनची डायरी काढा आणि त्यातून दहा नावं एका कागदावर उतरवा, नातेवाईक, शेजारी, ऑफिसातले निवृत्त, आणि त्यात जे स्वतः एकटे जेवतात त्यांच्यावर खूण करा.

मग "या कधीतरी जेवायला" असं म्हणायचं नाही. आपल्याकडे त्याचा अर्थ येऊ नका असाच आहे. वार, वेळ आणि पदार्थ सांगायचा: "गुरुवारी साडेसातला या, मी खिचडी करतोय, तुम्ही कोशिंबीर आणा." समोरच्याला काहीतरी आणायला सांगणं फार महत्त्वाचं, नाहीतर दुसऱ्यांदा येताना त्याला ओझं होतं. मामांनी खालच्या मजल्यावरच्या एका निवृत्त मास्तरांना असं बोलावलं, ते पहिल्यांदा आले तेव्हा दोघं पंधरा मिनिटांत जेवून टीव्हीवर मॅच बघत बसले, बोलणं म्हणाल तर शून्य. मामा दुसऱ्या दिवशी म्हणाले, "काही उपयोग नाही रे." मी म्हटलं अहो मामा, दोन पुरुष असेच जेवतात, परत बोलवा. आता गुरुवार ठरलेला आहे, एक गुरुवार वर, एक गुरुवार खाली, आणि मास्तर नाही आले तर मामा जिना उतरून बघून येतात. हा एक वेगळाच फायदा, एकट्या माणसाची कोणीतरी दखल घ्यायला हवी ना.

बिल्डिंगमधल्या एकट्या बाईंना बोलवायचं असेल तर आपल्याकडे लगेच कुजबुज होते, हे खरं आहे, तीन-चार जणांत बोलवा म्हणजे तो प्रश्नच येत नाही. (आणि पुढे जाऊन कोणाशी जमलंच तर तो तुमचा प्रश्न, मुलांना हळूहळू सांगा.)

आठवड्यात दोन रात्री कोणाबरोबर तरी, एवढंच लक्ष्य ठेवा. रोज शक्य नाही आणि रोज नकोही असतं. जवळचा ज्येष्ठ नागरिक संघ शोधा, महाराष्ट्रात अशा संघांचा फेस्कॉम नावाचा महासंघ आहे. बऱ्याच संघांचे कार्यक्रम संध्याकाळीच असतात आणि आपल्याला नेमकी तीच वेळ भरायची आहे. जाताना भाषण ऐकायला जाऊ नका, खुर्च्या लावायचं किंवा वर्गणी गोळा करायचं काम मागून घ्या, हातात काम असलं की लोकांशी बोलायला विषय लागत नाही. आणि ७५ पूर्ण झाली असतील तर २०२२ पासून एसटी महाराष्ट्रात फुकट आहे, ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट, तेव्हा साताऱ्याच्या बहिणीकडे दोन दिवस जेवायला जाणं हासुद्धा उपाय आहेच.

मुलांचा फोन कधी

इथे घड्याळ नीट समजून घ्या नाहीतर दोन्हीकडे चिडचिड होते. आपले संध्याकाळचे साडेसात म्हणजे न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे दहा, हिवाळ्यात नऊ, म्हणजे मुलगा ऑफिसात. तो त्या वेळेला "बाबा नंतर करतो" म्हणतो आणि आपल्याला लागतं. त्याच्या रात्रीचे नऊ म्हणजे आपल्या सकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. तेव्हा अमेरिकेचा फोन सकाळच्या चहाला. इंग्लंडचं उलट, आपले संध्याकाळचे सात म्हणजे तिकडे उन्हाळ्यात अडीच, हिवाळ्यात दीड, म्हणून मुलीबरोबर शनिवार-रविवारी चक्क एकत्र जेवता येतं, तिचं दुपारचं आपलं रात्रीचं. फोन लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवायचा आणि जेवायचं, बोललंच पाहिजे असं नाही. नातवंडं मागे भांडत असतात तेवढंही पुरतं. तिकडची घड्याळं मार्चमध्ये आणि शरद ऋतूत बदलतात, अमेरिकेची आणि इंग्लंडची वेगवेगळ्या रविवारी, तर त्या तारखा कालनिर्णयवर आधीच लिहून ठेवा.

मुलांना एक सांगणं. "बाबा जेवलात का?" हा प्रश्न बंद करा, त्याला "हो" शिवाय उत्तर येत नाही. "काय केलं होतं आज?" विचारा, आणि थांबा. मटकीला मोड आले का, पिठलं लागलं का, मास्तर आले का असं विचारता आलं तर बाबा पाच मिनिटं बोलतात. पैसे पाठवण्यापेक्षा, सुट्टीत आल्यावर कुकर-कढई आणून देणं, डब्यांवर नावं लावणं आणि शेजाऱ्यांचे चार नंबर स्वतःच्या फोनमध्ये घेणं जास्त कामाचं.

जेवणाने भागत नाही तेव्हा

दोन आठवडे सलग भूक मेलेली, पहाटे तीनला जाग आणि परत झोप नाही, अंघोळ-दाढी सुटलेली, आवडीचा पेपरसुद्धा उघडावासा वाटत नाही, किंवा संध्याकाळचा एक पेग दोन-तीनवर गेलेला, असं असेल तर खिचडी हा इलाज नाही, हा आजार आहे आणि त्याला औषध आहे. फॅमिली डॉक्टरांना "झोप येत नाही" एवढंच सांगू नका, ते झोपेची गोळी देतील आणि विषय संपेल, वरचं सगळं सांगा. घराबाहेर पडवत नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलता येतं, फुकट आहे. ज्येष्ठांसाठी वेगळी एल्डरलाइन १४५६७ आहे, तिथे पेन्शन, कायद्याचे प्रश्न, छळ याबद्दलही विचारता येतं. जगणं नकोसं वाटतंय, असा विचार एकदा जरी आला तरी त्याच वेळेला १४४१६ लावा आणि शेजाऱ्याची बेल वाजवा, रात्रीचे कितीही वाजलेले असू देत.

मामांच्या चौकटी मी अजूनही गेलो की बघतो, ते आता "कोणाबरोबर" च्या पुढे आणखी एक शब्द लिहायला लागलेत, मीठ. जास्त, कमी, बरोबर. सध्या तरी बहुतेक "जास्त" आहे, बीपीच्या डॉक्टरांना दाखवलं तर ओरडतील, म्हणून पुढच्या वेळी मी मोजायचा छोटा चमचा घेऊन जाणार आहे.